एक एकर सोयाबीनचा उत्पादन खर्च आणि लाभ-खर्च गुणोत्तर कसे काढावे?

प्रश्न : मी यंदा पहिल्यांदाच शेतीचा हिशेब ठेवतो आहे. सोयाबीनचा एकरी उत्पादन खर्च आणि लाभ-खर्च गुणोत्तर कसे काढायचे? प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो. नवख्याला समजेल असे पायरीपायरीने सांगा.

उत्तर :

आकडे वेगळे येतात याचे कारण बहुधा गणितातली चूक नसते, तर प्रत्येक जण ‘खर्च’ या शब्दात वेगवेगळ्या गोष्टी धरतो हे असते. म्हणून मी लातूर भागातल्या कोरडवाहू सोयाबीनच्या एका एकराचा हिशेब मांडतो आणि खर्चाचे एकेक थर चढवत जातो. दर आमच्याकडचे आहेत, त्यामुळे तुम्ही तिथे आपल्या गावचे दर घालावेत.

पहिला थर प्रत्यक्ष लागलेल्या खर्चाचा. नांगरणी, मोगडणी, पेरणी आणि एक कोळपणी यांच्या भाड्याचे ४,००० रुपये झाले. बियाणे ३० किलो लागले. ते घरचेच होते, तरी ७० रुपये किलोने त्याचे २,१०० रुपये धरले आणि बीजप्रक्रियेचे २०० रुपये त्यात मिळवले. डीएपीची एक गोणी आणि थोडे पोटॅश मिळून खताचे २,००० रुपये, तणनाशक आणि दोन फवारण्यांच्या औषधांचे २,८०० रुपये, निंदणीला आठ बायांची ३०० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये मजुरी, उक्त्या काढणीचे ३,८०० रुपये, मळणीयंत्राचे क्विंटलला २५० रुपयांप्रमाणे आठ क्विंटलचे २,००० रुपये आणि बाजारात माल नेण्याचे व हमालीचे ७०० रुपये झाले. ही बेरीज २०,००० रुपये होते.

घरच्या बियाण्याचे पैसे धरणे अनेकांना पटत नाही, कारण खिशातून काहीच गेलेले नसते. पण ते ३० किलो निवडून बियाणे म्हणून विकले असते तर पैसे आलेच असते, म्हणजे पिकाने ते खाल्ले आहेत. शेणखत, घरचे बैल आणि स्वतःचा ट्रॅक्टर यांनाही हाच नियम लावावा : गावात त्या दिवशी जे भाडे किंवा जी किंमत चालू असेल, ती लिहावी.

या २०,००० रुपयांत दोन लहान रकमा मिळवाव्या लागतात. पहिली खेळत्या भांडवलावरील व्याजाची. पीक चार महिन्यांचे आहे, पण सगळे पैसे पहिल्या दिवशी लागत नाहीत, काही पेरणीला लागतात तर काही काढणीला. म्हणून निम्म्या कालावधीचे, म्हणजे दोन महिन्यांचे व्याज धरतात. वर्षाला १२ टक्के दराने ते ४०० रुपये होते. दुसरी रक्कम घसाऱ्याची. फवारणी पंप, ताडपत्री आणि इतर अवजारे मिळून १२,००० रुपयांची आहेत आणि ती पाच वर्षे टिकतील असे मानले, तर वर्षाला २,४०० रुपये झिजतात. ही रक्कम वर्षभरात खरीप आणि रब्बी मिळून पेरलेल्या एकूण आठ एकरांवर वाटली की एकरी ३०० रुपये येतात. पंपाची पूर्ण किंमत घेतलेल्या वर्षीच्या एकाच पिकावर टाकली, तर त्या वर्षी पीक उगाच तोट्यात दिसते. आता बेरीज २०,७०० रुपये झाली. याला आपल्याकडे ‘खर्च अ’ म्हणतात.

दुसरा थर घरच्या माणसांच्या श्रमांचा. फवारणी, कोळप्यामागे फिरणे, मळणीच्या दिवशीची धावपळ हे सगळे कोणीतरी केलेले असते. माझ्या वहीत एका एकरासाठी पुरुषांचे सहा दिवस आणि बायकांचे पाच दिवस निघाले. ४०० आणि ३०० रुपये रोजाने ते ३,९०० रुपये होतात आणि बेरीज २४,६०० वर जाते. सरकारी भाषेतील ‘ए२ अधिक एफएल’ तो हाच आकडा. एफएल म्हणजे घरच्यांचे श्रम, आणि ए२ म्हणजे ‘खर्च अ’ अधिक दुसऱ्याची जमीन कसत असल्यास तिचा दिलेला खंड, त्यामुळे जमीन स्वतःची असेल तर ए२ आणि ‘खर्च अ’ यांत फरक राहत नाही. हमीभाव याच खर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याचे धोरण आहे. २०२५-२६ साठी देशपातळीवरचा हा खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला होता आणि सोयाबीनचा हमीभाव त्याच्या दीडपट, ५,३२८ रुपये जाहीर झाला.

तिसरा थर जमिनीच्या खंडाचा आणि अवजारांत अडकलेल्या पैशाच्या व्याजाचा. ही जमीन दुसऱ्याला कसायला दिली असती तर काहीतरी मिळाले असते, ते आपण स्वतः कसून सोडून देतो. आपल्याकडे एकूण उत्पन्नाचा सहावा हिस्सा खंड म्हणून धरण्याची पद्धत रूढ आहे, म्हणून आधी उत्पन्न काढू. आठ क्विंटल माल ४,२०० रुपयांनी विकला, त्याचे ३३,६०० आणि भुसकटाचे ९०० मिळून ३४,५०० रुपये झाले. त्याचा सहावा हिस्सा ५,७५० रुपये. अवजारांच्या आजच्या किमतीवरील व्याज एकरी ७५ रुपये धरले की एकूण खर्च ३०,४२५ रुपये होतो. यालाच ‘खर्च क’ किंवा ‘सी२’ म्हणतात.

आता गुणोत्तर. एकूण उत्पन्नाला खर्चाने भागायचे, एवढेच. ३४,५०० ला २०,७०० ने भागले तर १.६७ येते, २४,६०० ने भागले तर १.४०, आणि ३०,४२५ ने भागले तर १.१३. शेत तेच, माल तोच, आणि तीनही उत्तरे बरोबर आहेत. म्हणून कोणी नुसते ‘दीड आले’ म्हणाले, तर कोणत्या खर्चावर ते आधी विचारावे. काही जण निव्वळ नफ्याला खर्चाने भागतात, तेव्हा याच १.१३ च्या जागी ०.१३ येते. एकपेक्षा लहान आकडा पाहून तोटा समजण्याआधी वर उत्पन्न घेतले आहे की नफा, हे तपासावे.

क्विंटलमागचा खर्च हवा असेल, तर भुसकटाचा वाटा वगळावा लागतो. उत्पन्नात मुख्य मालाचा वाटा ३४,५०० पैकी ३३,६०० आहे, त्याच प्रमाणात ३०,४२५ मधून २९,६३१ रुपये घेऊन आठने भागले की सुमारे ३,७०४ रुपये येतात.

हिशेब बिघडतो तो मुख्यतः उत्पन्नाच्या बाजूला. विम्याची भरपाई, पीएम किसानचे हप्ते किंवा अनुदान या उत्पन्नात मिळवू नयेत, कारण ते पिकाने दिलेले नसते. तसेच कर्जाचा हप्ता आणि घरखर्च खर्चात धरू नयेत. आणि बाजारातला भाव घेतला असेल तर वाहतूक व हमाली खर्चात हवीच. भाव खळ्यावरचा असेल तर ती वगळावी.

एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. पावसाने ओढ दिली आणि उतारा आठऐवजी सहा क्विंटल आला, तर उत्पन्न २५,९०० रुपयांपर्यंत खाली येते (भुसकट ७०० रुपयांचे धरून). मळणी, वाहतूक, व्याज आणि सहाव्या हिश्शाचा खंड हे कमी झाले, तरी ‘खर्च क’ साधारण २८,३०० वरच अडून राहतो, आणि गुणोत्तर ०.९२ होते. त्यातही खंड सहाव्या हिश्शाने धरल्यामुळे उत्पन्नाबरोबर खंडही आपोआप घटतो आणि तोटा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. तुमच्या गावात जमीन ठरावीक रोख मक्त्याने जात असेल, तर सहावा हिस्सा न धरता तोच मक्ता धरावा. मात्र तो वर्षाचा असतो, म्हणून सोयाबीननंतर त्याच रानात हरभरा घेणार असाल तर दोन्ही पिकांत वाटून घ्यावा.