तीन नोड आणि डिग्री पाच: गॉस क्वाड्रेचरमागचा भागाकार

प्रश्न: सिम्प्सनमध्ये ३ पॉइंट घेऊन डिग्री ३ पर्यंतच अचूक येतं, मग गॉस तेवढ्याच ३ पॉइंटमध्ये डिग्री ५ पर्यंत कसा जातो? आणि लेजेंड्रचे रूट्सच का घ्यायचे?

सगळं पॉलिनॉमियलच्या साध्या भागाकारात आहे, आणि तो एकदा हाताने केलात की सिम्प्सन आणि गॉस दोन्ही एकाच हिशोबात बसतात. तीन जागा अधिक तीन वेट्स म्हणजे सहा अननोन म्हणून सहा कंडिशन, असं बऱ्याच नोट्समध्ये असतं, लक्षात ठेवायला ठीक आहे पण ते प्रूफ नाही, कारण ती समीकरणं नॉनलिनियर आहेत आणि उत्तरं रिअल येतील, शिवाय इंटरव्हलच्या आतच येतील हे नुसत्या मोजणीने कळत नाही.

इंटरव्हल -1 ते 1 धरू. कुठलेही तीन वेगळे नोड घ्या, त्यांच्यातून जाणारं डिग्री २ चं पॉलिनॉमियल इंटिग्रेट करून वेट्स काढा, म्हणजे डिग्री २ पर्यंत अचूकता आपोआपच मिळाली. आता p(x) = (x-x1)(x-x2)(x-x3) असं लिहा आणि f ला p ने भागा, f = q·p + r, बाकी r ची डिग्री जास्तीत जास्त २. नोडवर p शून्य असतो, त्यामुळे रूलला f दिला काय आणि r दिला काय, तो एकच उत्तर देणार, आणि r चं इंटिग्रल तर तो बरोबर देतोच. म्हणजे एकूण चूक उरली ती फक्त ∫q·p एवढी.

आता f डिग्री ५ चा असेल तर q डिग्री २ चा. चूक शून्य हवी असेल तर p हा 1, x आणि x² तिघांना ऑर्थोगोनल हवा, आणि डिग्री ३ चं असं पॉलिनॉमियल (पुढचा कॉन्स्टंट सोडला तर) एकच आहे, लेजेंड्रचं, x³ - (3/5)x. म्हणून त्याचेच रूट्स: 0 आणि ±√(3/5), वेट्स 8/9 आणि 5/9, 5/9. ही मांडणी याकोबीची, १८२६ ची. गॉसने १८१४ मध्ये हेच नोड बऱ्याच अवघड वाटेने काढले होते.

सिम्प्सनला हेच लावून बघा. त्याचा p = x³ - x. याचं 1 शी इंटिग्रल शून्य, पण x शी 2/5 - 2/3 = -4/15, शून्य नाही. म्हणजे q फक्त कॉन्स्टंट चालतो, म्हणून डिग्री ३ वर गाडी थांबते. दोन्ही टोकं धरून ठेवायची ही किंमत आहे.

गॉस डिग्री ६ का नाही गाठत? f = p² घ्या, इंटिग्रल पॉझिटिव्ह येणार, पण नोडवर शून्य म्हणून रूल शून्यच देणार. n नोडचा कुठलाही रूल घ्या, 2n - 1 च्या पुढे जाऊच शकत नाही. कोडमध्ये चेक करा:

```python
import numpy as np
x, w = np.polynomial.legendre.leggauss(3)
print(w @ x**4, w @ x**6)
```

पहिलं उत्तर ०.४ येतं, म्हणजे 2/5, अचूक (राउंडिंग सोडून). दुसरं ०.२४ येतं, हवं होतं 2/7, आणि फरक नेमका 8/175, म्हणजे ∫p² च. मला ही चाचणी फार आवडते, कारण स्वतःचं कोड लिहिलं असेल तर नोड किंवा वेट चुकलं की इथे लगेच पकडलं जातं.

पॉलिनॉमियल नसलेल्या फंक्शनवर पण फरक दिसतो. e^x चं -1 ते 1 इंटिग्रल २.३५०४०२, सिम्प्सन २.३६२०५४ देतो, गॉस २.३५०३३७. तीनच पॉइंट, पण चूक शंभराहून जास्त पटीने कमी.

पण हा फायदा फंक्शन स्मूथ असेल तरच. |x| घ्या, खरं उत्तर १, गॉसचे तीन नोड ०.८६१ देतात, कारण 0 पाशी कोपरा आहे आणि तिथे डिग्री वाढवून फारसं हाती लागत नाही. अशा वेळी n वाढवत बसू नका, इंटरव्हल 0 वर तोडा, मग प्रत्येक अर्ध्यात एकच नोड पुरतो. आणि टोकाला 1/√(1-x²) सारखं काही असेल तर ते वेट फंक्शन म्हणून बाहेर काढा आणि ऑर्थोगोनॅलिटी त्या वेटसकट घ्या, मग लेजेंड्रच्या जागी चेबिशेव्हचे रूट्स येतात आणि वरचा भागाकार एक अक्षर न बदलता चालतो.