‘आणि हे तोपर्यंत करत राहायचं, की…’

प्रिय ताई,
आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी (माझे चुलत सासरे) एक मेसेज टाकलाय. एकटे असताना हार्ट अटॅक आला तर घाबरू नका, शुद्ध हरपायला दहा सेकंद असतात, तेवढ्यात खोल श्वास घेऊन दर दोन सेकंदांनी जोरजोरात खोका, ‘आणि हे तोपर्यंत करत राहायचं, की’… इथे मेसेज तुटलाय. खाली अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलचं नाव आहे. माझे वडील परभणीला एकटे राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. माहेरच्या ग्रुपवर टाकावासा वाटतो, पण अर्धवट कसा टाकू? नाही टाकला आणि उद्या काही झालं तर? काकांना विचारलं तर ते रागावतील का, तीही धास्ती आहे.
– एक लेक, पुणे

प्रिय लेकी,

वडिलांना हा मेसेज पाठवू नका. अर्धा नको आणि उरलेला भाग हाती लागला तरी नको. त्याऐवजी आज रात्री त्यांना फोन करा. काय बोलायचं ते खाली सांगते. आधी तुम्ही ज्यासाठी थांबलात ते बघू, कारण थांबलात ते अगदी बरोबर केलंत.

हा फॉरवर्ड काकांनी लिहिलेला नाही. व्हॉट्सॲपवर त्याच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसत असेल, तर तो तुमच्यापर्यंत येईतो किमान पाच वेळा पुढे ढकलला गेलाय. १९९९पासून तो इंग्रजीत ईमेलने फिरत होता. मग भाषा बदलत, कापला जात तो आपल्या ग्रुपांवर आला. कॉपी करताना बोट मध्येच सुटतं, कुणी स्क्रीनशॉट काढतं आणि त्यात खालच्या ओळी मावत नाहीत. म्हणून पहिलं काम सोपं आहे: मेसेजच्या शेवटी ‘पुढे वाचा’ दिसतंय का ते बघा. नसेल तर काकांना विचारा की त्यांच्याकडे तो पूर्ण आलाय का. तेही नसेल तर गूगलवर cough CPR एवढंच टाका. मराठी वाक्य जसंच्या तसं शोधलं तर फारसं हाती लागत नाही, कारण भाषांतर प्रत्येकाचं वेगळं. दाव्याचं मूळ नाव शोधलं की मूळ मजकूरही सापडतो आणि त्याची तपासणीही.

मूळ मजकुरात तुमचं तुटलेलं वाक्य असं पुरं होतं: मदत येईपर्यंत किंवा हृदय पुन्हा नीट धडधडू लागेपर्यंत खोकत राहा. त्यानंतर खोकल्यामुळे हृदय दाबलं जातं आणि रक्त खेळतं राहतं असा खुलासा, आणि शेवटी हा मेसेज दहा जणांना पाठवा, एकाचा तरी जीव वाचेल, अशी गळ. बस. तुटलेल्या भागात काही सावधगिरीची सूचना असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर ती पूर्ण मेसेजमध्येही नाही. म्हणून मजकूर पूर्ण मिळाला म्हणजे तपासणी झाली असं धरू नका. खरी कापाकापी त्याच्याही आधी झालेली आहे.

ती अशी. १९७६ साली अमेरिकेतल्या डॉ. क्रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण छापलं. अँजिओग्राफी चालू असताना काही रुग्णांच्या हृदयाची लय अचानक बिघडली. हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरू लागलं. अशा वेळी माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पण तिघा रुग्णांनी दर एक ते तीन सेकंदांनी जोरात खोकत राहिल्यावर ते २४ ते ३९ सेकंद शुद्धीत राहिले. खोकताना छातीतला दाब वाढतो आणि थोडं रक्त मेंदूकडे ढकललं जातं. म्हणजे फॉरवर्डमधला खोकला हवेतून आलेला नाही.

आता हे कुठे घडलं ते डोळ्यांसमोर आणा. रुग्ण टेबलावर झोपलेला, छातीला तारा लावलेल्या, पडद्यावर हृदयाची रेघ चालू. लय बिघडली हे डॉक्टरांना त्याच क्षणी दिसलं, शॉक द्यायचं यंत्र हाताशी होतं. खोकला हा ते यंत्र वापरेपर्यंतचा अर्ध्या मिनिटाचा आधार होता, उपचार नव्हता. फॉरवर्डमधून हा टेबल, ही रेघ, हे यंत्र आणि हे डॉक्टर गायब झाले. उरला तो एकटा माणूस आणि त्याचा खोकला.

दुसरी गल्लत याहून मोठी आहे आणि ती आपल्याकडे बोलण्यातही सर्रास होते. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं. छाती दाबल्यासारखी होते, घाम फुटतो, हात किंवा जबडा दुखतो, दम लागतो, पण हृदय बहुतेक वेळा चालूच असतं आणि माणूस बोलत असतो. चालू हृदयाला खोकल्याने काहीच मिळत नाही, तुंबलेली वाहिनी खोकून उघडत नाही. हृदय बंद पडणं ही वेगळी घटना. ती हार्ट अटॅकमुळे होऊ शकते, पण ती झाली की माणूस काही सेकंदांत कोसळतो, मग खोकणार कोण? ‘दहा सेकंद’ हे या दुसऱ्या घटनेतलं आहे आणि मेसेजने ते पहिलीला चिकटवलंय. अर्धा तास छातीत दुखतंय असं सांगणाऱ्या माणसाला ते लागूच होत नाही.

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन सामान्य लोकांना ही खोकण्याची पद्धत शिकवू नये असं सांगते. मेसेजखाली बहुतेक वेळा असतं ते रॉचेस्टर जनरल हॉस्पिटलचं नाव. तुमच्या मेसेजमध्येही तेच असेल, तर त्या हॉस्पिटलने हा मजकूर आपला नसल्याचं कधीच स्पष्ट केलंय. नाव दिसलं की तपासायची रीत हीच: त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा तिच्या खुलाशात ते वाक्य आहे का ते बघायचं. मेसेजखाली नाव कुणीही टाइप करू शकतं.

यात जीवाला धोका खोकल्याचा नाही, वेळेचा आहे. वाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. तुमचे वडील सोफ्यावर बसून दहा मिनिटं खोकत राहिले आणि बरं वाटायची वाट बघत राहिले, तर ती दहा मिनिटं फोनची होती. ‘नाही पाठवलं आणि काही झालं तर’ या तुमच्या धास्तीला माझं उत्तर हेच आहे: पाठवलं असतं तर नुकसान व्हायची शक्यता जास्त होती.

आता फोन. बाबांना सांगा, छातीत दाब, धाप किंवा गार घाम आला आणि पाच मिनिटांत ओसरला नाही, तर आधी १०८ लावायचा, मग मला. स्वतः गाडी काढायची नाही. दाराची कडी काढून ठेवायची, म्हणजे आत यायला कुणी अडकणार नाही, आणि बसून राहायचं. मधुमेह असेल तर कधी कधी दुखणं फारसं जाणवत नाही, नुसता दम लागतो किंवा मळमळतं, हेही त्यांना सांगा. शेजारच्या एका घरात किल्ली आणि १०८चा नंबर देऊन ठेवा. गोळीचं मात्र ग्रुपवरून ठरवू नका. ॲस्पिरिन चघळायची का आणि किती, जिभेखाली ठेवायची गोळी घ्यायची का, हे त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारून कागदावर लिहून घ्या, कारण जिभेखालच्या गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो आणि त्यांची बाकीची औषधं फक्त त्या डॉक्टरांना माहीत आहेत. तो कागद फोनशेजारी राहू द्या.

राहिले काका. त्यांनी तो मेसेज काळजीपोटी टाकलाय आणि सगळ्यांसमोर खोडून काढलात तर ते मेसेजची नव्हे, स्वतःची बाजू घेतील. त्यांना एकट्याला लिहा किंवा फोन करा: ‘काका, तुमचा मेसेज वाचून मी बाबांसाठी शोधाशोध केली. खोकल्याचा प्रयोग हॉस्पिटलच्या टेबलावरचा निघाला, घरी त्यावर विसंबायचं नाही असं डॉक्टरांच्या संस्था सांगतात. १०८चं तुम्हीच ग्रुपवर टाकाल का? तुमचं सगळे ऐकतात.’ रागावतील कदाचित, पण त्यांना ग्रुपवर बोलायची जागा तुम्ही त्यांच्याचकडे ठेवलीत.

ग्रुपवर जे जाईल ते मात्र असं लिहा की ते अर्धं कापलं गेलं तरी कुणाचं नुकसान होणार नाही. बहुतेकजण चुकीचा मेसेज वर चिकटवून त्याखाली ‘हे खोटं आहे’ लिहितात. कापताना नेमका तो शेवट जातो आणि खोटं पुन्हा मोकळं सुटतं. म्हणून करायचं ते पहिल्या ओळीत, कारण नंतर, आणि खोकल्याची कृती लिहायचीच नाही. उदाहरणार्थ:

‘छातीत दाब किंवा धाप पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच १०८ लावा, गाडी चालवू नका, दार उघडं ठेवा. खोकून हार्ट अटॅक थांबतो हा मेसेज घरच्यांसाठी नाही, त्याने वेळ जातो.’

हे पहिल्या वाक्यानंतर तुटलं तरी चालेल.

काका तयार झाले तर त्यांना जुना मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला सांगा. टाकल्यापासून साधारण दोन दिवसच ते करता येतं, तेव्हा त्यांच्याशी बोलणं उद्यावर ढकलू नका. मुदत उलटून गेली असेल तर ज्यांनी तो पुढे पाठवलाय त्यांना वरचा निरोप एकेकट्याला पाठवा, निदान ज्यांच्या घरी हृदयाचा रुग्ण आहे त्यांना तरी.

– ताई