तिचे दोन रकाने मोडू नका

«मुलगी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुऱ्हाळावरच्या दीड मिनिटाच्या माहितीपटाची स्क्रिप्ट तिने दोन रकान्यांत लिहिली. ओळखीचे एक मालिकालेखक म्हणाले, ‘हे व्यावसायिक नाही.’ म्हणून मी तिला सगळी स्क्रिप्ट पटकथेसारखी पुन्हा लिहायला लावली. दोन्ही प्रती सोबत आहेत. तिला पटकथेच्या क्लासला घालू का?» – एक पालक, सांगली

दोन्ही प्रती वाचल्या. क्लासचे नंतर पाहू. मला काळजी वाटते ती तुमच्या घाईची. एका ओळखीच्या माणसाच्या एका वाक्यावरून तुम्ही मुलीचे नीट जमलेले काम मोडायला लावले आणि असे का लिहिले, हे तिला विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. विचारले असते, तर तिने बहुधा बरोबर उत्तर दिले असते.

दोन रकाने म्हणजे कच्चे लेखन, हा समज चुकीचा आहे. मालिकेत संवाद आणि हालचाल एकमेकांतून उमलतात, त्यामुळे तिथे सगळे एकाखाली एक लिहिणेच योग्य. तोच मजकूर दोन रकान्यांत विभागला, तर वाचणाऱ्याची नजर सारखी इकडून तिकडे धावते आणि प्रसंग तुटतो. जाहिरात, माहितीपट किंवा प्रशिक्षणपट यांत मात्र चित्र एक सांगते आणि निवेदन दुसरे, म्हणून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे ध्वनी असे समोरासमोर मांडले, की दोघांचा मेळ कागदावरच तपासता येतो. तुमच्या मुलीच्या पहिल्या प्रतीत डावीकडे ‘झाऱ्याने काहिलीतली मळी काढणारे हात’ आहेत आणि उजवीकडे ‘उकळत्या रसावरची मळी काढली जाते.’ डोळ्यांना दिसते तेच कानांना ऐकवले जाते, ही चूक शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे लगेच कळते. तिथे ‘मळी राहिली, तर गूळ काळपट होतो’ असे हवे. पुढे निवेदनाच्या सात ओळींसमोर फक्त ‘गुऱ्हाळ’ एवढाच शब्द आहे. त्या ओळी मी घड्याळ लावून मोठ्याने वाचल्या, तर बावीस सेकंद लागले. एवढा वेळ पडद्यावर काय दाखवायचे, हे तिने ठरवलेलेच नाही. दुसऱ्या प्रतीत या दोन्ही चुका आहेत, पण त्या परिच्छेदांत दडल्या आहेत.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा पटकथेचा अंदाज मात्र दोन रकान्यांना लागू पडत नाही. इथे प्रत्येक ओळ वाचूनच वेळ मोजावा लागतो. मजकूर स्पेस देऊन जुळवू नये, तक्ताच वापरावा. नाही तर एक शब्द वाढताच समोरासमोरच्या ओळी सरकतात.

क्लास नको. पुण्याच्या एफटीआयआयमधल्या पटकथेच्या अभ्यासक्रमाचा विचार पदवीनंतर करता येईल. आता तिला पहिली प्रत परत द्या आणि गुऱ्हाळावर जाऊ द्या. चित्रीकरणानंतर जी दृश्ये खरोखर हाती आली, तीच डाव्या रकान्यात भरून तिने निवेदन पुन्हा लिहावे, आणि ते तिने स्वतः वाचून दाखवेपर्यंत तुम्ही पाहू नये.