आकाशातले ठिपके काढताना
एफ/१६ ला काढलेल्या फोटोत आकाशात दिसणारे राखाडी ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. लाइटरूम क्लासिकमध्ये Q दाबा, Heal निवडा आणि Visualize Spots चालू करा. काळ्या-पांढऱ्या चित्रात ठिपके कड्यांसारखे उठून दिसतात. ब्रश ठिपक्याहून जेमतेम मोठा ठेवा आणि एकदाच क्लिक करा.

नवशिक्यांचं हमखास चुकतं ते इथे: ब्रश भलामोठा घेतात, मग आकाशाच्या छटेत डाग उमटतो. ठिपका क्षितिजाला लागून असेल तर डोंगराचा तुकडा आकाशात येऊ शकतो. तेव्हा / दाबून दुसरा स्रोत घ्या किंवा त्याची पिन स्वतः ओढा.

रॉ फाइलचे पिक्सेल बदलत नाहीत, दुरुस्तीच्या सूचना लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये राहतात. म्हणून बिनधास्त खोडा. पिन निवडून Delete दाबलं की ठिपका परत. चेहऱ्यावरून गेलेली वायर काढणं मात्र याहून अवघड, ती सध्या राहू द्या.