स्टुडिओने ‘हो’ म्हटलं, प्रकाशकाने स्ट्राइक दिला

प्रश्न : माझं गेमिंग कॉमेंट्रीचं चॅनेल आहे. मोठ्या गेमच्या गर्दीत व्ह्यूज मिळेनात, म्हणून एका छोट्या स्टुडिओचा कथाप्रधान गेम घेतला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत 8 भाग केले. स्टुडिओतल्या एकाने ईमेलवर ‘खुशाल करा’ असं कळवलं होतं. चॅनेल वाढायला लागलं. काल मात्र 3 भागांवर पार्श्वसंगीतासाठी यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेकडून क्लेम आले आणि आठव्या भागावर गेमच्या प्रकाशकाने कॉपीराइट स्ट्राइक दिला. तो भाग पैसे भरणाऱ्या मेंबरना 2 दिवस आधी दाखवला होता. परवानगी असताना हे कसं? आणि पुढचा गेम कोणता घ्यावा, हे कसं ठरवू?

उत्तर : आजच्या दिवसात क्लेमला हरकत घेणारा डिस्प्यूट किंवा स्ट्राइकला आव्हान देणारं काउंटर नोटिफिकेशन पाठवू नका आणि आठवा भाग काढूनही टाकू नका. व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही. यूट्यूबचं कॉपीराइट स्कूल पूर्ण केल्यावर तो 90 दिवसांनी संपतो. त्या काळात असे 3 स्ट्राइक साचले तर चॅनेल बंद होऊ शकतं. क्लेमचं तसं नाही. क्लेम बहुतेक वेळा त्या एका व्हिडिओच्या कमाईपुरता असतो आणि त्याने चॅनेलला धक्का लागत नाही. म्हणून आधी स्ट्राइक सोडवू.

तुमचा ईमेल पुन्हा उघडून दोन गोष्टी पाहा : तो कोणी लिहिला आणि ‘खुशाल करा’ म्हणजे नेमकं काय करा. स्टीमवर गेमच्या पानावर डेव्हलपर आणि पब्लिशर ही नावं वेगळी दिलेली असतात. गेम बनवणारा एक आणि विकण्याचे हक्क दुसऱ्याकडे, असं छोट्या गेमच्या बाबतीत सर्रास असतं. व्हिडिओला परवानगी देण्याचा अधिकार करारात प्रकाशकाकडे गेला असेल, तर स्टुडिओतल्या माणसाचं ‘हो’ तुमचा प्रामाणिक हेतू दाखवतं. प्रकाशकाला ते बांधून ठेवतंच असं नाही.

दुसरा मुद्दा मेंबरचा, आणि तुमच्या बाजूची सर्वांत कच्ची जागा हीच आहे. व्हिडिओवर जाहिराती चालवणं आणि व्हिडिओ पाहण्याचे पैसे घेणं, यांत प्रकाशक फार फरक करतात. वाल्व्हचं लेखी धोरण पाहा : त्यांच्या गेमच्या व्हिडिओंवर यूट्यूब पार्टनर प्रोग्राममधून कमाई करता येते, पण व्हिडिओ बघण्यासाठी प्रेक्षकाकडून पैसे घेता येत नाहीत. इतरही अनेक मोठे प्रकाशक ही रेघ ओढतात. 2 दिवसांची आगाऊ झलक तुम्हाला किरकोळ वाटली असेल, पण त्या 2 दिवसांत कथेचा शेवट पैशाच्या दाराआड होता.

शेवट ही कथाप्रधान गेमची खरी मालमत्ता. कोडी किंवा लढाईचा गेम पाहिल्यावर खेळावासा वाटतो. कथा मात्र एकदा पूर्ण कळली की विकत घेण्याचं कारणच उरत नाही. एप्रिल 2017मध्ये ॲटलसने ‘पर्सोना 5’ साठी बंधन घातलं, की कथेतल्या 7 जुलै या तारखेपुढचं काही दाखवू नका. टीका झाल्यावर ती मर्यादा 19 नोव्हेंबरपर्यंत वाढवली, पण बंधन पूर्ण उठवलं नाही. जपानमध्ये 2023 साली एका व्यक्तीला ‘स्टाइन्स गेट’ मालिकेतल्या एका गेमचे शेवटासह व्हिडिओ टाकून जाहिरातींतून कमावल्याबद्दल शिक्षा झाली. त्या खटल्यात ॲनिमेचे व्हिडिओही होते. शिक्षा होती 2 वर्षांची कैद, 5 वर्षांसाठी स्थगित, आणि 10 लाख येन दंड. तुमचं प्रकरण त्या टोकाचं नाही, कारण तुमची कॉमेंट्री आहे. पण ‘मी टीकाटिप्पणी करतोय’ हा बचाव जेवढा भाग टिप्पणीसाठी लागतो तेवढ्यापुरता टिकतो. पूर्ण गेम सलग दाखवला की तो पातळ होत जातो.

म्हणून काउंटर नोटिफिकेशन तुमच्यासाठी चुकीचं हत्यार आहे. ते ‘हा व्हिडिओ चुकीने काढला गेला’ असं शपथेवर सांगण्यासाठी असतं. अमेरिकेबाहेरच्या माणसालाही त्यात तिथल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं. त्यानंतर तक्रारदाराला दावा दाखल केल्याचा पुरावा द्यायला कामकाजाचे 10 दिवस मिळतात. तुम्हाला हवा आहे तो रिट्रॅक्शन, म्हणजे प्रकाशकाने स्वतः तक्रार मागे घेणं. स्ट्राइकच्या तपशिलात तक्रारदाराचा संपर्क असतो. तिथे साधारण असं लिहा :

“आपल्या गेमवरच्या भाग 8बद्दलची तक्रार मिळाली. स्टुडिओची अमुक तारखेची परवानगी सोबत जोडली आहे. शेवटचं प्रकरण वगळून हा भाग पुन्हा संपादित करायला मी तयार आहे. पुढे कोणताही भाग मेंबरसाठी राखीव ठेवणार नाही. आपण तक्रार मागे घ्यावी, आणि भाग 1 ते 7 जाहिरातींसह ठेवण्यास आपली संमती आहे का, हे लेखी कळवावं.”

शेवटचं वाक्य गाळू नका. ते उत्तर नसेल तर उरलेल्या 7 भागांवर उद्या तशीच तक्रार येऊ शकते. स्टुडिओतल्या त्या माणसालाही प्रत पाठवा. प्रकाशकाशी तोच बोलला तर काम लवकर होतं.

आता संगीत. गेममधलं गाणं वापरायचा परवाना स्टुडिओकडे असतो, पण तो बऱ्याचदा गेमपुरताच असतो, तुमच्या व्हिडिओपर्यंत पोहोचत नाही. क्लेम आल्यापासून 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट केला तर पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते. तेव्हा हे संगीत व्हिडिओत चालतं का, हे याच 5 दिवसांत स्टुडिओला विचारा. लेखी होकार आला तर डिस्प्यूट करा. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस असतात. होकार आला नाही तर यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये तो तुकडा म्यूट करा किंवा बदला. कागद हातात नसताना डिस्प्यूट, मग अपील, असं पुढे जाऊ नका. अपील फेटाळलं जाऊन व्हिडिओ काढायची मागणी झाली तर दुसरा स्ट्राइक बसतो.

पुढच्या गेमसाठी तुमचा कमी गर्दीचा विचार बरोबरच आहे. अडचण ही, की मोठ्या प्रकाशकांची धोरणं लेखी असतात आणि कमी गर्दीच्या गेमला बहुधा नसतात. त्यामुळे प्रेक्षक मोजण्याआधी परवानगी शोधा. प्रकाशकाच्या नावासोबत `video policy` असा शोध घ्या, गेमचा वापर करार वाचा आणि सेटिंगमध्ये परवान्याचं संगीत बंद करणारा स्ट्रीमर मोड आहे का, ते बघा. धोरण सापडलं की तारखेसह पीडीएफ करून ठेवा, कारण ही धोरणं बदलतात. निन्टेंडोने 2015मध्ये व्हिडिओ बनवणाऱ्यांसाठीच्या आपल्या योजनेत जाहिरातींच्या उत्पन्नाचा 60 ते 70 टक्के वाटा देऊ केला होता. 2018च्या अखेरीस ती योजना गुंडाळून थेट मार्गदर्शक नियम आणले. त्यांत स्वतःची सर्जनशील भर किंवा कॉमेंट्री अपेक्षित आहे.

परवानगी मिळाली की गेमच्या नावासोबत एक नेमका प्रश्न शोधा, उदाहरणार्थ एखादा अवघड टप्पा. छोट्या चॅनेलच्या जुन्या व्हिडिओंना अजूनही व्ह्यूज येत असतील आणि उत्तरं अपुरी असतील, तर तिथे जागा आहे. कोणीच शोधत नसेल तर ती गर्दी कमी नव्हे, मागणीच नाही. माझं मत विचाराल तर एकसलग कथेऐवजी व्यवस्थापन, डावपेच किंवा रोगलाइक प्रकारचा गेम घ्या. त्यात प्रत्येक डाव वेगळा निघतो, तुमचे निर्णय आणि त्यांची कारणं हाच व्हिडिओचा गाभा होतो, आणि शेवट उघड केल्याची तक्रार सहसा उभी राहत नाही. यूट्यूबलाही कमाईसाठी नुसता सलग गेमप्ले चालत नाही. पहिले 3 भाग टाकून थांबा, त्यांच्यावर क्लेम येतो का ते पाहा, मगच पुढचे रेकॉर्ड करा.