पिन दिसली म्हणजे पंप चालू आहे असं नाही

अरे, मॅपवर पंपाची नुसती पिन बघून टाकी रिकामी होईपर्यंत थांबू नकोस. आधी रिव्ह्यू 'नवीन आधी' लावून वाच, शेवटचा फोटो वर्षभर जुना असेल तर शंका घ्यायचीच. मग सॅटेलाइट व्ह्यू झूम करून पंपाचं छप्पर दुभाजकाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघ, माझी एकदा पिन बरोबर होती पण पंप समोरच्या लेनला निघाला आणि यू-टर्न ११ किलोमीटर पुढे! इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर शोधत असशील तर चार्जिंग अ‍ॅपमधल्या हिरव्या 'उपलब्ध'वर जाऊ नको, शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघ आणि फोन करून सरळ विचार, "आज कुठली गाडी चार्ज झाली का, कुठली गन चालूये?" फोन उचललाच नाही तर आधीच्याच स्टेशनवर भरून घे.