तापात जेवण नाही, तरी साखर का चढते?

मधुमेहात तुम्ही नवीन आहात म्हणून आधी हेच सांगतो: फ्लूच्या तापात जेवण गेलं नाही म्हणून इन्सुलिन बंद करू नका. आजाराशी लढताना शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन ही तणावाची हार्मोन्स सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. एरवी सकाळी १३० येणारी साखर उपाशीपोटीही २५० दिसू शकते. मीटर बिघडलेलं नसतं!

अशा वेळी दर चार तासांनी साखर तपासा, थोडं थोडं पाणी पीत राहा. टाइप १ असेल किंवा साखर २४० च्या वर टिकून राहिली, तर लघवीतले कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, पट्टीवर बघा. कीटोन वाढले, उलट्या थांबेनात, श्वास खोल आणि जोरात चालू लागला, तर थेट हॉस्पिटल गाठा. मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिन घेत असाल, तर उलट्या-जुलाबात ती थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. डापाग्लिफ्लोझिनवर साखर फार न वाढताही कीटोन वाढू शकतात, मीटर पाहून गाफील राहाल.

सोबत दमा असेल, तर सर्दीत दम वाढल्यावर मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही साखर चढते, बहुधा दुपारनंतर. म्हणून गोळ्या टाळू नका, संध्याकाळची तपासणी वाढवा.